पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा किती खोल आणि किती उंचीवर?

प्रश्न: पुण्यात धायरीला बैठं घर बांधतोय, पुढेमागे वर एक मजला चढवू. हॉल आणि दोन्ही बेडरूमच्या मोठ्या खिडक्या पश्चिमेला आहेत. ठेकेदार म्हणतो, प्रत्येक खिडकीला वेगळा छज्जा कशाला, वरचा स्लॅबच चार फूट बाहेर काढू, ऊन-पाऊस दोन्ही थांबेल. खरंच थांबेल का? की दोन फुटी छज्जेच बरे?

उत्तर:

तुमच्या खिडक्यांपुरतं बोलायचं तर चार फुटी स्लॅबपेक्षा लिंटेलवरचा, म्हणजे खिडकीच्या लगेच वरच्या तुळईवरचा, दोन फुटी छज्जा जास्त कामाचा आहे. पण पश्चिमेला तोही एकटा पुरणार नाही. छज्जा किती बाहेर आला एवढंच सगळे विचारतात. तो खिडकीच्या किती वर आहे, हेही तितकंच महत्त्वाचं असतं, आणि इथेच बहुतेक घरांचं गणित चुकतं.

तुमची खिडकी नेहमीच्या मापाची धरू. सिल, म्हणजे खिडकीची खालची कड, जमिनीपासून ३ फुटांवर, लिंटेल ७ फुटांवर, म्हणजे काच ४ फूट उंच. स्लॅबची खालची बाजू १० फुटांवर. आता एप्रिलच्या मध्यावरचं ऊन घेऊ, कारण पुण्यात उन्हाचा खरा त्रास मार्चअखेरपासून मेपर्यंत असतो. त्या दिवसांत दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, साडेचारला ३१ अंशांवर, साडेपाचला जेमतेम १७ अंशांवर. पश्चिमेच्या भिंतीवर याचा अर्थ असा की छज्जा जितके फूट बाहेर, तितक्याच फुटांची सावली साडेतीनला खाली पडते. साडेचारला दर फुटामागे सव्वासात इंच पडते आणि साडेपाचला दर फुटामागे पावणेचार इंच.

हे आकडे दोन्ही पर्यायांना लावून बघा. साडेतीनला चार फुटी स्लॅबची सावली १० फुटांवरून चार फूट खाली, म्हणजे ६ फुटांपर्यंत येते. खिडकीचा वरचा एक फूट झाकला जातो, खालचे तीन फूट उन्हात. दोन फुटी छज्जा मात्र ७ फुटांवर असल्याने त्याची सावली ५ फुटांपर्यंत येते, म्हणजे अर्धी खिडकी झाकली. साडेचारला स्लॅबची सावली साडेसात फुटांवरच थांबते, खिडकीपर्यंत पोचतच नाही. छज्ज्याची सावली निदान वरच्या सव्वा फुटावर असते. स्लॅब सरस ठरतो तो फक्त अडीचच्या आसपास. तेव्हा सूर्य साठ अंशांवर असतो आणि चार फुटी स्लॅब सगळी खिडकी झाकतो. पण त्याच वेळी दोन फुटी छज्जाही खालचा अर्धा फूट सोडून सगळी झाकतोच. स्लॅबची सावली आधी तीन फूट कोऱ्या भिंतीवर खर्च होते आणि मग खिडकीकडे वळते. वर मजला चढवलात की ही तळमजल्याची झालर तशीच राहील. वरच्या खिडक्यांना तिचा काहीच उपयोग नाही, त्यांना पुन्हा वेगळी सोय करावी लागेल.

भिंतीवरची सावली वाया गेली असं मात्र समजू नका. नऊ इंची विटेची पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि तो ताप आत पोचायला काही तास लागतात. म्हणून पुण्यात एप्रिलमध्ये रात्री नऊ-दहाला बाहेर हवा गार झालेली असते, पण पश्चिमेच्या बेडरूमची भिंत आतून हाताला गरम लागते. आतून हात फिरवून बघा, जिथे दुपारी सावली होती तो वरचा पट्टा त्यामानाने कमी गरम लागतो. त्यामुळे स्लॅब दीड-दोन फूट बाहेर काढायला माझी हरकत नाही. पावसाच्या दृष्टीनेही तो लागतो, ते पुढे सांगतो. फक्त खिडकीचं काम त्याच्यावर सोपवू नका.

आता छज्जाच खोल केला तर? साडेचारला चार फुटी खिडकी पूर्ण झाकायची असेल तर लिंटेलवरून साडेसहा फूट बाहेर यावं लागतं. साडेपाचला तर तेरा फूट. तेवढा छज्जा कोणी बांधत नाही, त्याला व्हरांडा म्हणतात. आणि खरं सांगायचं तर पश्चिमेला जागा असेल तर आठ-दहा फुटी पडवीसारखा उपाय दुसरा नाही. जुन्या घरांना ती होती याचं कारण निव्वळ बसायला जागा हे नव्हतं. पण तुमच्या प्लॉटवर ते बहुधा जमणार नाही. सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती सोडाव्या लागणाऱ्या मोकळ्या जागेत, सर्वसाधारणपणे ७५ सेंटीमीटरपर्यंतच छज्जा बाहेर काढता येतो, म्हणजे अडीच फुटाला जरा कमी. चार फुटी स्लॅबचा प्रस्ताव इथेही अडकू शकतो. ठेकेदाराच्या शब्दावर जाऊ नका, तुमच्या आर्किटेक्टकडून मंजूर नकाशावर ते दाखवून घ्या.

म्हणजे पश्चिमेला आडवा छज्जा ७५ सेंटीमीटरवर थांबतो आणि उरलेलं काम दुसऱ्या कशाने तरी करून घ्यावं लागतं. इथे बरेच जण खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीला काटकोनात उभ्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन, काढतात. पुण्यात पश्चिमेला उन्हासाठी त्यांचा उपयोग जवळपास शून्य आहे. एप्रिलच्या मध्यावर दुपारी साडेतीन ते साडेपाच सूर्य पश्चिमेच्या नेमक्या समोर असतो, चार-पाच अंश इकडे किंवा तिकडे. ऊन दोन फिनच्या मधून सरळ आत येतं. मेमध्ये सूर्य थोडा उत्तरेकडे सरकतो, पण साडेचारला तो जेमतेम दहा-अकरा अंश सरकलेला असतो. दीड फुटी फिनची सावली तेव्हा काचेवर तीन-साडेतीन इंच पडते. त्यासाठी काँक्रीट ओतण्यात अर्थ नाही.

उपयोग होतो तो छज्ज्याच्या पुढच्या कडेवरून खाली उतरणाऱ्या भागाचा. छज्ज्याच्या टोकाला नऊ इंचांची झडप खाली सोडली, मग ती काँक्रीटची पातळ पट्टी असो, लोखंडी चौकटीत बसवलेल्या तिरक्या पट्ट्या असोत किंवा मंगलोरी कौलांचा उतरता पाखा असो, तर ते नऊ इंच सावलीत सरळ मिळवले जातात. हिशेब बघा. ७५ सेंटीमीटरचा छज्जा, खाली नऊ इंच उतार. साडेतीनला सावली अडीच अधिक पाऊण, म्हणजे सव्वातीन फूट. साडेचारला दीड अधिक पाऊण, म्हणजे सव्वादोन फूट. आता बेडरूमच्या खिडकीचं सिल अर्धा फूट वर घ्या, साडेतीन फुटांवर. काच साडेतीन फुटांची झाली. साडेतीनला ती जवळजवळ पूर्ण सावलीत असते आणि साडेचारला फक्त खालचा सव्वा फूट उन्हात राहतो. बाहेर बघायला अडचण नाही, कारण उभ्या माणसाची नजर सव्वापाच फुटांच्या आसपास असते आणि झडप सव्वासहा फुटांवर संपते.

तो उरलेला सव्वा फूट आणि साडेपाचचं ऊन यासाठी झडपेच्या आतल्या बाजूने बांबूची चिक लावा. हुक आत्ताच काँक्रीटमध्ये बसवून घ्या, नंतर भोकं पाडायला लागली की तिथूनच पाणी शिरतं. चिक काचेच्या बाहेर हवी. आतल्या पडद्याने डोळ्यांना बरं वाटतं, पण ऊन काचेतून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि तो ताप खोलीतच राहतो. हॉलची खिडकी मोठीच हवी असेल तर तिथे समोर झाड लावा. पण बैठ्या घराला साडेचारचं ऊन अडवायला झाड खिडकीसमोर आणि बऱ्यापैकी जवळ असावं लागतं, कंपाउंडच्या पलीकडचं झाड फार उंच नसेल तर ऊन आणखी उतरल्यावरच कामाला येतं.

दक्षिणेची चिंता करू नका. तिथे सूर्य दुपारी इतका उंच असतो की एप्रिलमध्ये दीड फुटी छज्जासुद्धा सगळी खिडकी झाकतो. मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी सूर्य ६३ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा दोन फुटी छज्जा चार फूट सावली देतो. डिसेंबरमध्ये सूर्य ४८ अंशांवर उतरतो आणि खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून ऊन आत येतं, जे थंडीत हवंच असतं. उत्तरेला पावसापुरता दीड फूट पुरे. पूर्वेचं गणित पश्चिमेसारखंच आहे, पण सकाळी हवा आणि भिंत दोन्ही गार असतात म्हणून ते तेवढं बोचत नाही.

आता पावसाचं. पुण्यात मोसमी पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर येतो, म्हणजे तुमच्या याच भिंतीवर. पाऊस किती तिरका पडणार हे वाऱ्यावर आणि थेंबाच्या आकारावर ठरतं. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो, एक मिलिमीटरचा चार मीटर वेगाने. ताशी १८ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला ५ मीटर. म्हणजे मध्यम थेंब साडेसहा मीटर खाली येईपर्यंत ५ मीटर आडवा जातो. या हिशेबाने दोन फुटी छज्जा २.६ फूट भिंत कोरडी ठेवतो आणि चार फुटी खिडकीचा खालचा दीड फूट भिजतो. तुमचा चार फुटी स्लॅब सव्वापाच फूट कोरडं ठेवतो खरा, पण ते १० फुटांपासून मोजायचं, म्हणून त्याच्याखाली खिडकीचे जवळजवळ दोन फूट भिजतात. ७५ सेंटीमीटर अधिक नऊ इंचांची झडप असेल तर त्याच वाऱ्यात अख्खी चार फुटी खिडकी कोरडी राहते. वारा दुप्पट झाला तर सव्वादोन-अडीच फुटांच्या खाली भिजणारच. आणि बारीक थेंबांची झड मोठ्या थेंबांच्या सरीपेक्षा जास्त आत येते, हे पुण्यातल्या कोणालाही सांगायला नको.

हे सगळं मोकळ्या हवेतलं गणित आहे. प्रत्यक्षात भिंतीजवळ वारा वर आणि बाजूला वळतो, त्यामुळे पावसाचा सगळ्यात जास्त मारा भिंतीच्या वरच्या पट्ट्यावर आणि कोपऱ्यांवर बसतो, मधल्या भागावर कमी. स्लॅब दीड-दोन फूट बाहेर हवा तो याच्यासाठी. तुमच्या भागात पाऊस कसा लागतो ते बघायचं असेल तर शेजारच्या वीस-तीस वर्षं जुन्या इमारतींची पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत नीट न्याहाळा. छज्ज्याखाली रंग स्वच्छ असतो आणि एका तिरक्या रेषेनंतर काळपट-हिरवी शेवाळ सुरू होते. ती रेषा म्हणजे तिथल्या पावसाचा उतार. छज्ज्यापासून ती किती खाली सुरू होते ते मोजा, माझ्या आकड्यांपेक्षा ते माप तुमच्या घराला जास्त लागू पडेल.

त्या रेषेत आणखी एक गोष्ट दिसेल. ती दोन्ही बाजूंना सारखी नसते, पश्चिमेच्या भिंतीवर खिडकीची दक्षिणेकडची बाजू जास्त भिजलेली असते. पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका आला की छज्ज्याच्या दक्षिण टोकाच्या बाहेरून थेट खिडकीच्या कोपऱ्यात घुसतो. ठेकेदार छज्जा चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त घेतात. उत्तरेकडे तेवढा पुरतो, दक्षिणेकडे मात्र किमान दीड फूट घ्या. तेवढी जागा नसेल तर त्या एकाच बाजूला उभी फिन काढा. उन्हाला तिचा उपयोग नाही म्हटलं, पावसाला आहे.

छज्जा कितीही खोल असला तरी त्याच्या खालून पाणी सरकत खिडकीकडे येत असेल तर सगळं फुकट. काँक्रीटच्या कडेवर आलेलं पाणी लगेच खाली गळत नाही, खालच्या बाजूला चिकटून आत भिंतीकडे येतं आणि खिडकीच्या चौकटीवर टपकतं. म्हणून छज्ज्याच्या खाली, पुढच्या कडेपासून इंच-सव्वा इंच आत, अर्धा इंच रुंद आणि तेवढीच खोल सलग खाच हवी. साइटवर याला ड्रिप मोल्ड म्हणतात. पाणी तिथपर्यंत येतं, खाच ओलांडता येत नाही आणि पागोळी तिथेच सुटते. ही खाच भिंतीला टेकू देऊ नका, टोकाला दोन इंच आधी थांबवा, नाहीतर तीच पन्हळ होऊन पाणी भिंतीत नेते. झडप केलीत तर खाच झडपेच्या खालच्या कडेला येईल. प्लास्टर झाल्यावर रंगारी ती पुट्टीने भरून टाकतात, तेव्हा रंगाच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा बोट फिरवून बघा.

छज्ज्याच्या वरच्या बाजूला बाहेर उतार हवा, दर फुटाला पाव इंच तरी. छज्जा आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात वॉटरप्रूफिंगच्या माणसाकडून गोलसर वाटा काढून घ्या, म्हणजे कोपरा सिमेंटने गोल भरून घ्या. लिंटेलच्या वर आतून ओल दिसली की लोक खिडकीला दोष देतात, पण बहुतेक वेळा पाणी याच कोपऱ्यातून आलेलं असतं. ओळखायचं कसं? ओल चौकटीच्या वरून खाली पसरत असेल तर कोपरा गळतोय. सिलच्या पातळीवरून खालच्या भिंतीत उतरत असेल तर सिलला उतार नाही किंवा ते भिंतीच्या बाहेर दीड-दोन इंच काढलेलं नाही. आणि आतल्या कट्ट्यावर थेट पाणी साचत असेल तर सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं बुजली आहेत. वाऱ्याचा दाब असला की ट्रॅकमधलं पाणी आत ढकललं जातं. ती भोकं दर वर्षी मेअखेर साफ करून घ्या.

शेवटी छज्ज्याच्या सळईबद्दल, कारण ७५ सेंटीमीटरचा छज्जा आणि त्याला टोकाला झडप म्हणजे वजन टोकाकडे जातं. छज्जा एका बाजूने लटकलेला असतो, ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वरच्या थरात असावी लागते आणि ती लिंटेलच्या आत पुरेशी खोल गेलेली असावी लागते. किती जाडीची, किती अंतरावर, किती आत, हे तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने झडपेचं वजन धरून लिहून द्यायचं. साइटवर घडतं ते वेगळंच. सळई वर बांधलेली असते, काँक्रीट ओतताना मजूर तिच्यावर उभे राहतात आणि ती खाली फळीला टेकते. वरून काहीच कळत नाही. सेंटरिंग काढलं की भिंतीच्या रेषेत वरच्या बाजूला केसासारखी चीर येते, आणि छज्जा आज नाही तर उद्या खाली येतो. सळई वर उचलून धरणाऱ्या चेअर खाली लावल्या आहेत का ते ओतायच्या दिवशी सकाळी स्वतः बघा आणि ओतणं चालू असताना सळईवर पाय ठेवू देऊ नका. छज्ज्याच्या वरची भिंत बांधून होईपर्यंत सेंटरिंगचे टेकू काढू देऊ नका, कारण छज्जा उलटू नये म्हणून लागणारं वजन त्याच भिंतीचं असतं.

लिंटेल ओतायच्या आधी एक चाचणी मात्र करा. खिडकीच्या वरच्या कडेवर अडीच फुटी प्लायचा तुकडा आडवा धरून त्याच्या पुढच्या कडेला नऊ इंचांची पट्टी ठोका. एप्रिलमध्ये काम चालू असेल तर साडेतीन, साडेचार आणि साडेपाचला सावली कुठे येते तिथे भिंतीवर खडूने रेघ मारा. काम दुसऱ्या महिन्यात असेल तर पट्टीच्या खालच्या कडेपासून भिंतीकडे दोरी ताणा, अशी की भिंतीला टेकेपर्यंत ती अडीच फुटांत दीड फूट खाली येईल. तिथे एप्रिलच्या साडेचारची सावली येणार. रेघ बघून झडप नऊ इंच ठेवायची की बारा, आणि सिल किती वर घ्यायचं, हे घरातल्या सगळ्यांना उभं करून तिथेच ठरवा. प्लायचा तुकडा हलवणं सोपं असतं.